‘ठीक आहे’ कशाला म्हटलं होतं

माझ्या मोठ्या बहिणीची एक पिकअप आहे. ‘बहिणीची’ हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण सगळं भांडण या एका शब्दावरून पेटलं. गाडी तिच्या नावावर, कर्ज तिच्या नावावर, हप्ते तीच भरते. चालवतात भाऊजी. सावली तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावातली मासळी बर्फात घालून गडचिरोलीच्या बाजारात न्यायची आणि येताना गावातल्या दुकानांचा माल भरून आणायचा, असा त्यांचा धंदा आहे. आम्ही ढिवर. आमच्या आजोबांनी कावडीने मासे वाहिले, बापाने सायकलवर वाहिले. बहिणीने गाडी घेतली तेव्हा मच्छीमार सोसायटीतल्या म्हाताऱ्यांनी गाडीच्या बोनेटवरून हात फिरवला होता.

मी धानोऱ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी येतो. त्या वर्षीही आलो होतो. तलावाचं पाणी खाली गेलं होतं आणि जाळी टाकायचे दिवस होते. पावसाळ्यात तलावात सोडलेलं मत्स्यबीज याच दिवसांत मोठ्या मासळीच्या रूपाने हाती येतं. रोज पहाटे डोंगे पाण्यात जात, ऊन चढायच्या आत रोहू-कतल्यांचे क्रेट काठावर येत आणि गाडी लगेच निघे. मे महिन्यातली मासळी कुणासाठी थांबत नाही. थांबली की तिचा वास गावभर सांगत सुटतो.

आणि नेमकी याच दिवसांत गाडी बसली. गडचिरोलीकडे जाताना, वैनगंगेचा पूल यायच्या आधीच, इंजिनच्या तापाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बोनेटखालून वाफ निघाली. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. इंजिन थंड झाल्यावर ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं. गाड्यांत वावरणाऱ्या माणसाला यावरून समजतं की हेड गॅस्केट गेलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. त्या दिवशीची मासळी दुसऱ्याच्या गाडीत चढवून पाठवली आणि आमची गाडी दोर बांधून सावलीतल्या एका गॅरेजात ओढून नेली.

बहीण गॅरेजात गेली नव्हती. ती तलावाच्या काठावर वजनकाट्याशी असते. ती हलली तर तिथलं काम थांबतं. त्यामुळे मिस्त्रीशी तिचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं. मिस्त्री पन्नाशीचा, हुशार, हात चांगला असलेला माणूस. त्याचं काम वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही.

मग एका दुपारी त्याने बिलाचा फोटो पाठवला. बहीण नुकतीच काठावरून घरी आली होती, ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती. तिने फोन माझ्या हातात दिला.

“बाबू, वाच बरं. मले हे पटून नाई राह्यलं.”

मी वाचलं. हेड गॅस्केट, हेडचा फेस, ऑइल, फिल्टर, कूलंट, वॉटर पंप, नवीन रेडिएटर, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, वर मजुरी. खालचा आकडा तिने धरलेल्या खर्चाच्या जवळपास दुप्पट होता.

“तुले काय काय विचारलं होतं त्यानं?” मी म्हटलं.

“सगळं यातच हाय. वाच.”

मी ओसरीवर बसलो आणि मिस्त्रीचे निरोप अगदी पहिल्यापासून वाचायला घेतले. मास्तरकीत पेपर तपासायची सवय असते. पोराने प्रश्न काय वाचला आणि उत्तर कशाचं लिहिलं, हे आधी पाहायचं. इथेही तेच होतं. मिस्त्रीने काय विचारलं, कधी विचारलं आणि बहिणीचं उत्तर नेमकं त्यातल्या कशाला होतं, एवढंच पाहायचं होतं.

सर्वांत पहिला निरोप बहिणीचाच होता. “गाडी माझ्या नावावर आहे. काही काम निघालं तर या नंबरवर विचारा, मी सांगितल्याशिवाय करू नका.” त्यावर मिस्त्रीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

मग त्याने इंजिन उघडून पाहिलं आणि अंदाज पाठवला. गॅस्केट बदलायचं, हेड चंद्रपूरला लेथवर पाठवून फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, आणायचा, ऑइल, फिल्टर, कूलंट, मजुरी. प्रत्येकापुढे किंमत. शेवटी “करू का ताई?” बहिणीने त्याच निरोपाला धरून उत्तर दिलं होतं, “हो, एवढं करा. याच्या बाहेर काही असेल तर आधी सांगा.” इथपर्यंत काहीच वाद नव्हता.

मग रेडिएटर. “रेडिएटर चोक आहे, खोलून साफ करावं लागेल,” आणि साफसफाईची किंमत. बहिणीचं उत्तर, “साफ करा.” बिलावर मात्र नवीन रेडिएटर. मधे कुठेही नवीन टाकण्याचा निरोप नव्हता. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. नव्हताच.

माझं डोकं तापलं. “अन् हा पंप? वॉटर पंपाचा तं एक शब्द नाई इथी. हेही घुसवलं त्यानं.” मी उठूनच उभा राहिलो. चोर, लुटारू, गरिबाच्या गाडीवर जगणारे, असं बरंच काही बोलत सुटलो.

बहीण शांतपणे म्हणाली, “फोन दे इकडे.” तिने मधला एक आवाजी निरोप दाबला. मिस्त्रीचा आवाज आला, हिंदी-मराठी मिसळलेला: पंपाच्या बुडातून पाणी झिरपून राह्यलं, आत्ता नाही बदलला तर गॅस्केट पुन्हा जाईल, इतके लागतील. त्याखाली तिचा स्वतःचा आवाज, मागे बायकांचा गलका आणि पाण्याचा आवाज: “पंपाचं करून टाका भाऊ. जुना माह्यासाठी ठेवा, फेकू नका.”

मी फक्त लिहिलेलं वाचलं होतं, बोललेलं ऐकलंच नव्हतं.

“जे मी हो म्हटलं ते मी देईन,” ती म्हणाली. “त्याले पंपाचं खोटं लावू नको. एक खोटं आपण लावलं तं त्याची सगळी खोटी खरी होतील.”

मी खाली बसलो. मग राहिलेले सगळे आवाजी निरोप नीट ऐकले.

क्लचचं प्रकरण शेवटी आलं. त्यात ना भाव होता ना विचारणा. मिस्त्रीने एक फोटो पाठवला होता, काळ्या हातात धरलेली क्लच प्लेट, खाली तीन शब्द, “प्लेट घिस गई”. त्याच्या पाठोपाठ काही मिनिटांनी दुसरा निरोप, “ताई गाडी आज नाही होत, उद्या संध्याकाळी देतो.” त्याखाली बहिणीचं उत्तर, “ठीक आहे.” त्यानंतर थेट बिल.

“प्लेटचं तू काही बोलली नाईस?”

“काय बोलू? त्यानं विचारलं काय? मले वाटलं, दाखवून राह्यला, की पुढं कधी काम निघन म्हणून. भाव सांगितला असता तं मी नाईच म्हटलं असतं. प्लेट अजून पकडत होती. भाऊजीले विचार तुह्या.”

भाऊजी दारात उभे होते.  त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

बहिणीने मिस्त्रीला फोन लावला. नवीन रेडिएटर आणि प्लेट मी सांगितली नव्हती, तेवढे कमी करा, असं सरळ सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, “ताई, सगळं तुमच्या व्हॉट्सॲपवर सांगून केलं. बिल पूर्ण द्या अन् गाडी घेऊन जा. नाई तं गाडी इथीच आहे, कुठी जात नाई.”

मला संताप आला तो खरा या वाक्याचा. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं मोठं जाळं पडणार होतं. तलावाचा सगळ्यात खोल भाग ओढायचा होता, मासळी भरपूर निघणार होती आणि इतके दिवस आमची मासळी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीवाल्याने दुसरीकडचं भाडं धरलं होतं. मिस्त्रीला हे सगळं ठाऊक होतं. तो याच भागातला माणूस, आमच्याच तलावातली मासळी खाऊन मोठा झालेला. गाडी कुठी जात नाई, पण मासळी जाते, हे त्याला न कळण्यासारखं नव्हतं. त्याने ते कळूनच म्हटलं होतं.

आम्ही तिघं गॅरेजात गेलो. पत्र्याच्या शेडखाली आमची गाडी तयार उभी होती, धुऊन चकचकीत. एक ट्रॅक्टरवाला बाकावर बसून त्याच्या ट्रॉलीच्या कामाची वाट पाहत होता, आणखी दोघं मोटारसायकलवाले होते. मिस्त्रीने भाऊजींना खुर्ची दिली. बहिणीला दिली नाही. ती उभीच राहिली, मीही तिच्या बाजूला उभा राहिलो.

“बोला मालक,” मिस्त्री भाऊजींना म्हणाला.

“मालक मी आहो,” बहीण म्हणाली. “माह्याशी बोला.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण लहान पोराने मोठं बोलल्यावर माणसं हसतात तसं हसला. “बरं ताई. काय अडचण हाय?”

तिने एकेक काम घेतलं. गॅस्केट, फेस, ऑइल, फिल्टर, कूलंट, मजुरी, हे सगळं मी हो म्हटलं, कबूल. पंप मी बोलून सांगितला, कबूल. रेडिएटर साफ करायला सांगितला होता, नवीन नाही.

“साफ करायले घेतला, पण त्याच्या नळ्या सडल्या होत्या ताई. साफ करून काय उपयोग? पुन्हा गरम झाली असती तं मलेच शिव्या दिल्या असत्या तुम्ही.”

“मग तसं विचारायचं होतं. फोन होता ना हातात? जुना कुठी आहे, दाखवा नळ्या.”

मिस्त्रीने शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, “तो भंगारवाल्यानं नेला.”

“पंप जपून ठेवा म्हटलं, तं पंप ठेवला तुम्ही.” पंप खरोखरच एका पोत्यावर ठेवलेला होता. “अन् रेडिएटर विकून टाकला. माह्या गाडीचा सामान कोणाले विचारून विकला?”

बाकावरचा ट्रॅक्टरवाला आता नीट सावरून बसला होता.

मिस्त्रीचा आवाज थोडा चढला. “रेडिएटरचं बाजूले ठेवा. प्लेटचं तं तुम्ही स्वतः हो म्हटलं. माह्यापाशी हाय.” त्याने खिशातून फोन काढला, काचेवरचं तेल शर्टाला पुसलं आणि पडदा आमच्यासमोर धरला. वर क्लच प्लेटचा फोटो, “प्लेट घिस गई”. त्याच्या लगेच खाली बहिणीचं उत्तर, “ठीक आहे.”

मधे काहीच नव्हतं.

मोटारसायकलवाल्यांपैकी एकाने मान पुढे काढून पाहिलं आणि म्हणाला, “मग बाई, तुम्हीच तं हो म्हटलं.”

मला आजही सांगायला बरं वाटत नाही, पण एक क्षण मीसुद्धा बहिणीकडे त्याच नजरेने पाहिलं. घरी ओसरीवर हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं, तरी समोर धरलेल्या पडद्यावर जे दिसतं ते खरं वाटायला लागतं. बहिणीने मात्र वाद घातला नाही. तिने आपला फोन काढला, तोच भाग वर आणला आणि मिस्त्रीच्या फोनाला लावून धरला. दोन पडदे शेजारी-शेजारी. तोच फोटो, तीच वेळ. त्याच्या खाली तिच्या फोनवर आणखी एक निरोप होता: “ताई गाडी आज नाही होत, उद्या संध्याकाळी देतो.” आणि मग “ठीक आहे.”

“हा निरोप तुमचाच आहे ना?” ती म्हणाली. “माह्या फोनवर हाय. तुमच्या फोनवरून कुठी गेला?”

मिस्त्रीने आपला फोन मागे घेतला. व्हॉट्सॲपवर निरोप दोन प्रकारे पुसता येतो, हे मी नंतर त्या ट्रॅक्टरवाल्यालाही समजावून सांगितलं. सगळ्यांसाठी पुसला तर समोरच्याच्या फोनवरही ‘हा निरोप पुसला’ अशी खूण राहते. पण फक्त आपल्यापुरता पुसला तर आपल्या फोनवर काहीच खूण उरत नाही आणि समोरच्याच्या फोनवर तो जसाच्या तसा राहतो. त्याने आपल्यापुरता पुसला होता.

“फोन भरते माहा,” तो म्हणाला. “मी असे बारकेसारके पुसत असतो.”

“बाकी सगळे तं हायेत,” मी म्हटलं. “तुमचं हात जोडलेलं चित्रसुद्धा हाय. हा एकच बारका निघाला?”

“तुम्ही मास्तर आहा ना? मग शाळेत बोला. इथी कामाचं बोलू द्या.”

बहिणीने मला हाताने मागे केलं. “कामाचंच बोलतो मी,” ती म्हणाली. आमच्या झाडीपट्टीत बायकाही कधी कधी पुरुषांसारखं असं ‘बोलतो’ म्हणतात, रागात तर हमखास. “हेडचं काम करायले गेअरबॉक्स उतरवा लागते काय?”

“नाई.”

“मग फोटोत प्लेट तुमच्या हातात कशी आली? गेअरबॉक्स उतरवल्याशिवाय प्लेट दिसत नाई. म्हणजे फोटो पाठवायच्या आधीच तुम्ही गेअरबॉक्स उतरवला होता. मी हो म्हणो का नाई म्हणो, तुमचं काम सुरू झालं होतं.”

 मग मिस्त्रीने असं काही केलं की माझा राग त्याच्यावरून दुसरीकडेच वळला. तो खुर्चीवर बसलेल्या भाऊजींकडे वळला आणि म्हणाला, “भाऊ, आता तुम्हीच सांगा. गाडी आणली त्या दिवशी तुम्ही मले काय म्हटलं होतं?”

भाऊजी जमिनीकडे पाहत होते.

“काय म्हटलं होतं?” बहिणीने विचारलं.

“मी म्हटलं होतं,” भाऊजी हळूच म्हणाले, “की जे लागते ते पाहून घ्या.”

“कव्हा?”

“गाडी ओढून आणली तव्हा. तसंच बोलण्यात म्हटलं. नवीन सामान टाका असं नाई म्हटलं मी.”

“अन् हे तुम्ही मले घरी काऊन नाई सांगितलं?”

भाऊजींनी तोंड उघडायच्या आत मिस्त्रीच बोलला.  “माणूस म्हणते पाहून घ्या, मग आम्ही पाहून घेतो ताई. घरच्या मालकानं सांगितल्यावर आम्ही आणखी कोणाले विचारत बसू?”

मला वाटलं होतं, बहीण आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिने फोनवर अगदी वर जाऊन आपला पहिला निरोप काढला आणि मोठ्याने वाचला. गाडी माझ्या नावावर आहे. मी सांगितल्याशिवाय करू नका. “हा निरोप तुमच्याकडं पोचला, तुम्ही हात जोडले. यांचं बोलणं त्याच्या आधी झालं. नंतर मी लिहून दिलं. नंतरचं धरायचं का आधीचं? अन् सगळंच यांना विचारून चालत होतं, तं पंपाचं मले काऊन विचारलं? रेडिएटर साफ करायचं मले काऊन विचारलं? जिथी हो मिळन असं वाटलं तिथी मले विचारलं, अन् जिथी नाई मिळन तिथी यांचं नाव सांगून राह्यले.”

ट्रॅक्टरवाला म्हणाला, “बाई बरोबर बोलते मिस्त्री.” तो आमच्या ओळखीचा नव्हता. मग त्याने स्वतःचा फोन काढला आणि बहुधा मिस्त्रीचेच जुने निरोप वर-खाली करत शोधायला लागला. मिस्त्रीने ते पाहिलं. मला वाटतं, आमच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा त्या एका गोष्टीने त्याला जास्त काळजी लागली.

वाटाघाट नंतर सुरू झाली आणि ती काही गौरवाची नव्हती. रेडिएटरच्या बाबतीत तो लवकर वाकला, कारण जुना विकला हे त्याला झाकता येत नव्हतं. साफसफाईचे तेवढे द्या, म्हणाला. प्लेटवर तो अडून बसला. बहीण म्हणाली, नवी काढा, माझी जुनी परत बसवा. तो म्हणाला, काढतो, पण पुन्हा गेअरबॉक्स उतरवायचा म्हणजे परवाशिवाय गाडी नाही.

परवा. तलावाच्या काठावर त्या वेळी दोर ओले करून ठेवले जात होते.

मी म्हटलं, ग्राहक मंचात जाऊ, तक्रार करू, निरोप सगळे आहेतच. ही गोष्ट मी मनापासून म्हणत होतो. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. “तक्रार कर तू, मी सही करतो. पण उद्याची मासळी मंचात न्यायची काय?”

शेवटी नव्या प्लेटची निव्वळ किंमत तिने मोजली, त्यावरची मजुरी दिली नाही, आणि जुनी प्लेट आणि जुना पंप दोन्ही पोत्यात घालून गाडीत टाकायला लावले. बिलावर मिस्त्रीच्या हातून रेडिएटर खोडून घेतला. मिस्त्रीने किल्ली दिली. भाऊजींच्या हातात दिली. बहिणीने ती भाऊजींच्या हातून घेतली आणि पुन्हा त्यांनाच दिली. ते शेडमधल्या सगळ्यांनी पाहिलं.

येताना भाऊजी गाडी चालवत होते. मी मधे बसलो होतो. माझ्या मनात मिस्त्रीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग घोळत होता. बहीण खरी होती, तिने शब्दाशब्दाने खरं सिद्ध करून दाखवलं होतं, तरी न सांगितलेल्या प्लेटचे पैसे देऊनच तिला गाडी सोडवावी लागली. ज्याच्या ताब्यात गाडी असते त्याला खरं ठरायची गरज नसते, नुसती घाई समोरच्याला असली की पुरते. मी शाळेत पोरांना शिकवतो की नीट लिहा, नीट वाचा, म्हणजे कुणी फसवणार नाही. त्या दिवशी नीट लिहिलेलं होतं, नीट वाचलंही होतं, आणि तरीही अर्धीच भरपाई झाली. पण हेही खरं की लिहिलेलं नसतं तर अर्धीसुद्धा झाली नसती. या दोन गोष्टींतली कोणती मोठी धरायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलं. मासळी चांगली निघाली, गाडी वेळेवर पोचली, तापाचा काटा मधोमध राहिला. मिस्त्रीचं काम चांगलं होतं, हे मी आधीच म्हटलं आहे.

त्याच आठवड्यात गडचिरोलीला मासळी उतरवून झाल्यावर बहीण मला घेऊन सुट्या भागांच्या एका दुकानात गेली. पोत्यातली जुनी क्लच प्लेट तिने काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उजेडात फिरवून पाहिली, अंगठ्याने रिव्हेट चाचपले. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेटच्या डोक्याला टेकलं की ती बदलतात. इथे रिव्हेट अजून चांगले खोल होते.

“ही काऊन काढली?” त्याने विचारलं. “अजून हा सिझन गेला असता, पुढचाही गेला असता.”

बहिणीने प्लेट उचलली. बाहेर येऊन तिने प्लेट गाडीच्या मागच्या फाळक्यावर ठेवली, रिव्हेट नीट दिसतील असा जवळून फोटो काढला आणि मिस्त्रीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं ते संध्याकाळी, आणि ते तिला आलं नाही. भाऊजींच्या फोनवर आलं: “भाऊ, घरी जरा समजावून सांगा. तुमच्याच शब्दावर काम केलं होतं.”

आम्ही जेवायला बसलो होतो. भाऊजींनी तो निरोप वाचला, बहिणीला दाखवला. ती झिंग्याच्या भाजीत हात घालत म्हणाली, “समजवा मग.”

भाऊजी उठले, अंगणात गेले आणि त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. आम्हाला आत ऐकू येत होतं. ते फार काही बोलले नाहीत. तसे ते बोलणारे नाहीतच. “गाडी तिची हाय मिस्त्री. मी डायवर आहो. मी काही म्हटलं असन तं ते बोलणं होतं, ऑर्डर नोहोय. पुढं कोणाची गाडी आली तं ज्याची हाय त्याले विचारत जा.” मग पलीकडचं काहीतरी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आत येऊन ते पुन्हा ताटावर बसले. मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, बहीण काहीतरी गोड बोलेल. तिने त्यांच्या ताटात भात वाढला, त्यावर वरण ओतलं.

“हे त्या दिवशी गॅरेजात बोलले असते तं,” ती म्हणाली, “प्लेटचे पैसे वाचले असते.”

भाऊजींनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली.